ग्रँट लेटर एका पानावर कसं उतरवायचं: वेस्टिंग, किंमत आणि नोकरी सोडतानाच्या अटी

गौरीपूजनाच्या दिवशी, दुपारची पंगत उठल्यावर, भाच्याच्या मोबाइलवर मेल आली. तो जूनमध्ये पुण्याच्या एका कंपनीत लागला होता आणि गणपतीला गुहागरला घरी आला होता. पडवीत बसून त्याने अकरा पानांची पीडीएफ खालीवर केली आणि मला हाक मारली, "आत्या, अडीच हजार शेअर मिळाले मला! दोनशे वीसचा भाव आहे, म्हणजे साडेपाच लाख झाले ना गं?"

नाही झाले. शेअरही मिळाले नव्हते आणि साडेपाच लाखही. मिळाले होते ते ऑप्शन. म्हणजे ठरलेल्या तारखांनंतर, ठरलेल्या दराने शेअर विकत घेण्याचा हक्क. आपल्याकडे मोहोर यायच्या आधीच कलमांचा दर ठरवून टाकतात, तसा दर इथे आज ठरतो. फरक एवढाच की घ्यायची सक्ती नाही आणि मुदत संपली की हक्क बुडतो.

मी बरीच वर्षं मुंबईत कंपन्यांच्या सेक्रेटरियल विभागात काढली. आता घरूनच दोन-तीन कंपन्यांच्या ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्यांना असे ऑप्शन देण्याच्या योजनांची, कागदपत्रं बघते. नवीन जॉइनर आला की त्याच्या ग्रँट लेटरचं, म्हणजे ऑप्शन दिल्याच्या पत्राचं, एका पानावर सार काढून देणं हे त्यातलं नेहमीचं काम. ज्यांना हे काम नव्याने करायचं आहे, मग ते एचआरमध्ये लागलेले असोत की स्वतःचंच पत्र उलगडू पाहणारे, त्यांच्यासाठी भाच्याचंच पत्र पुढ्यात ठेवून लिहिते. आकडे त्याच्या पत्रातले आहेत. कंपनीचं नाव कळून काही उपयोग नाही.

आधी कागद पुरे आहेत का बघा

पत्रावरून थेट सार काढायला बसू नका. ग्रँट लेटर म्हणजे फक्त वरचं पान. खरे नियम ईसॉप स्कीम नावाच्या वेगळ्या दस्तऐवजात असतात. पत्रात बहुतेक वेळा एक ओळ सापडतेच, की पत्र आणि स्कीम यांच्यात फरक आढळला तर स्कीमचं खरं. भाच्याला आलेल्या अकरा पानांत पत्र चार पानांचं होतं. बाकीचा स्वीकृतीचा फॉर्म, नॉमिनेशनचा फॉर्म आणि बरंचसं बॉइलरप्लेट. स्कीम नव्हतीच. ती एचआरकडून मागवली तेव्हा २९ पानं आली, आणि नोकरी सोडण्याबद्दलचं सगळं त्यात होतं. पत्रात त्या विषयावर एकच वाक्य होतं: 'स्कीमनुसार'.

मेल मिळाल्याबरोबर आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे स्वीकृतीची मुदत. याच्या पत्रात ग्रँटच्या तारखेपासून ३० दिवस होते, म्हणजे १ ऑक्टोबर २०२५. तोवर सही करून पाठवलं नाही तर ग्रँट आपोआप रद्द. सार काढायला पंधरा दिवस लागले तरी चालेल, पण ही तारीख सारात सगळ्यांत वर लिहायची. नॉमिनेशनचा फॉर्मही त्याच बैठकीत भरून टाकायचा. तो का, ते पुढे येईल.

वेस्टिंग: टक्के वाचायचे, तारखा लिहायच्या

वेस्टिंग म्हणजे हक्क पक्का होणं. पत्रातली ओळ साधारण अशी होती: चार वर्षांचं वेस्टिंग, ग्रँटच्या तारखेपासून एक वर्ष झाल्यावर २५ टक्के, आणि उरलेले ७५ टक्के पुढच्या ३६ महिन्यांत दर तिमाहीला समान हप्त्यांनी. पहिलं वर्ष काहीच पक्कं होत नाही, त्याला क्लिफ म्हणतात.

ही ओळ तशीच मराठीत उतरवून दिली तर सार झालं नाही. जॉइनरला टक्के नको असतात. त्याला हवं असतं की अमुक दिवशी माझे किती पक्के. म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख आणि संख्या काढून लिहायची. त्यासाठी आधी एकच प्रश्न सोडवायचा: घड्याळ कुठून सुरू होतं?

इथे तीन तारखा एकमेकींत मिसळतात. कामावर रुजू झाल्याची तारीख, कंपनीच्या बोर्डाने किंवा समितीने ग्रँट मंजूर केल्याची तारीख, आणि पत्रावर सही झाल्याची तारीख. भाचा रुजू झाला १६ जून २०२५ ला. ऑफर लेटरमध्ये 'जॉइनिंगनंतर ईसॉप दिले जातील' असं वाक्य होतं, त्यावरून त्याने धरलं होतं की पुढच्या जूनमध्ये पहिला हप्ता. पत्रात ग्रँटची तारीख छापली होती `09/01/2025`. ती त्याने ९ जानेवारी वाचली आणि आणखी खूश झाला, घड्याळ आधीच सुरू झालंय म्हणून.

मला ती तारीख बघताच खटकली. जानेवारीत हा त्या कंपनीत नव्हताच. जो नोकरीतच नाही त्याला कर्मचारी म्हणून ग्रँट कशी मिळेल? पत्राचा नमुना अमेरिकन पद्धतीचा होता, महिना आधी आणि दिवस नंतर. ती तारीख होती १ सप्टेंबर २०२५. ज्या दिवशी मेल आली तोच दिवस. अशी अंकातली तारीख दिसली की ती जॉइनिंगच्या तारखेशी ताडून बघायची आणि सारात महिना नेहमी अक्षरात लिहायचा.

म्हणजे पहिला हप्ता १ सप्टेंबर २०२६ ला. भाच्याच्या हिशेबापेक्षा अडीच महिने उशिरा. यात कंपनीने फसवलं असं नाही. भारतीय कंपनी असेल तर ग्रँट आणि पहिलं वेस्टिंग यांत किमान एक वर्ष असावंच लागतं. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांसाठी ते २०१४ च्या भागभांडवल नियमांतल्या नियम १२ मध्ये आहे, नोंद असलेल्यांसाठी सेबीच्या २०२१ च्या विनियमांत. काही कंपन्या पत्रात 'वेस्टिंग सुरू होण्याची तारीख' म्हणून जॉइनिंगची तारीख वेगळी देतात. तेव्हा नंतरचे हप्ते जॉइनिंगपासून मोजले जातात, पण पहिला हप्ता तरीही ग्रँटला वर्ष झाल्याशिवाय पडू शकत नाही. भाच्याला तशी तारीख दिली असती तर पहिला हप्ता १ सप्टेंबरलाच पडला असता आणि लगेच १६ सप्टेंबरला दुसरा. म्हणून पत्रात 'वेस्टिंग कमेन्समेंट डेट' असे शब्द आहेत का ते मुद्दाम शोधायचं. याच्या पत्रात ते नव्हते.

आता संख्या. २,५०० चे २५ टक्के ६२५. उरले १,८७५, भागिले १२ तिमाह्या, म्हणजे १५६.२५. पाव ऑप्शन नसतो. पत्रात याचीही ओळ असते, फक्त ती कोणी वाचत नाही: अपूर्णांक खाली पूर्ण करायचा आणि राहिलेले शेवटच्या हप्त्यात मिळवायचे. मग अकरा हप्ते १५६ चे होतात आणि बारावा १५९ चा. हिशेब पक्का झाला की बेरीज करून बघायची: ६२५ अधिक १,७१६ अधिक १५९, बरोबर २,५००. बेरीज जुळली नाही तर ते पान जॉइनरच्या हातात जाता कामा नये.

तारखा हाताने लिहीत बसलं की कुठेतरी एक महिना सुटतो. शीटमध्ये पहिली तारीख `B2` मध्ये टाकायची आणि खालच्या घरात हे सूत्र घालून ओढत न्यायचं:

```
=EDATE(B2,3)
```

ग्रँटची तारीख ३१ ऑगस्टसारखी असेल तर हे सूत्र फेब्रुवारीत २८ किंवा २९ वर येतं आणि तिथून पुढे तेच धरून बसतं. तेव्हा प्रत्येक ओळीत मूळ तारखेपासूनच मोजायचं, `=EDATE($B$2,3)`, मग `6`, मग `9`. आपल्याकडे तारीख १ असल्याने हा त्रास नव्हता.

सारात बाराच्या बारा हप्ते छापायची गरज नाही. मी वर्षाअखेरचे टप्पे देते आणि पूर्ण तक्ता मागच्या पानावर:

१ सप्टेंबर २०२६: पक्के ६२५
१ सप्टेंबर २०२७: एकूण १,२४९
१ सप्टेंबर २०२८: एकूण १,८७३
१ सप्टेंबर २०२९: एकूण २,५००

मधले हप्ते १ डिसेंबर, १ मार्च आणि १ जूनला, प्रत्येकी १५६.

आणखी एक वाक्य स्कीममध्ये शोधायचं: बिनपगारी रजा. बऱ्याच स्कीममध्ये ठरावीक दिवसांपेक्षा लांब बिनपगारी रजा घेतली तर वेस्टिंग तेवढे दिवस थांबतं आणि पुढच्या सगळ्या तारखा सरकतात. भाच्याच्या स्कीममध्ये ही मर्यादा ३० दिवसांची होती. ती सारात एका ओळीत येते.

एक्सरसाइज प्राइस: तुम्ही किती द्यायचे ते

पत्रात दोन भाव होते आणि भाच्याने नेमका नको तो उचलला. ₹२२० होती ग्रँटच्या वेळची शेअरची रास्त किंमत, कंपनीने मूल्यांकन करून घेतलेली. ₹४० होती एक्सरसाइज प्राइस, म्हणजे शेअर घेताना याने कंपनीला द्यायची रक्कम. सारात दोन्ही लिहायच्या, पण पहिलीपुढे स्पष्ट लिहायचं: 'ही तुम्हाला मिळणारी रक्कम नव्हे.' साडेपाच लाखांचा गुणाकार जॉइनर करणारच, म्हणून तो आपणच पुसून टाकलेला बरा. आजच्याच भावाने बघितलं तर कागदावरचा फायदा शेअरमागे ₹१८०, आणि तोही एकही ऑप्शन पक्का झालेला नसताना.

किंमत लिहिताना शेजारी शेअरची दर्शनी किंमत लिहायची, इथे ₹१०. ती कशाला, असं विचाराल. उद्या कंपनीने ₹१० चा एक शेअर फोडून ₹१ चे दहा केले, तर २,५०० चे २५,००० ऑप्शन होतात आणि ₹४० ची किंमत ₹४ होते. तेव्हा जुनं पत्र घेऊन बसलेल्या माणसाला काहीच जुळत नाही. दर्शनी किंमत लिहिलेली असेल तर कशात काय बदललं ते दोन मिनिटांत कळतं.

मग पैशाचं उदाहरण द्यायचं. पहिले ६२५ घ्यायचे तर ₹४० प्रमाणे ₹२५,०००. इतपत सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. शेअर घेतला त्या दिवशीची रास्त किंमत आणि आपण दिलेली किंमत यांतला फरक हा पगारातलाच लाभ धरला जातो आणि त्यावर त्याच वर्षी कर लागतो, शेअर विकला नसला तरी. नोंद नसलेल्या कंपनीची ही किंमत सेबीकडे नोंदणी असलेला मर्चंट बँकर ठरवतो. समजा ती तेव्हा ₹३०० असेल. फरक ₹२६०, गुणिले ६२५, म्हणजे ₹१,६२,५००. भाच्यासाठी २० टक्क्यांचा स्लॅब आणि ४ टक्के सेस धरला तर कर ₹३३,८००. एकूण खिशातून ₹५८,८००, आणि हातात असे शेअर जे बाजारात विकता येत नाहीत. ₹३०० हा आकडा मी उदाहरणापुरता घेतलाय असं सारात ठळक लिहिते. नाहीतर दोन वर्षांनी तोच आकडा माझ्या तोंडावर मारला जातो, 'तुम्हीच म्हणाला होतात' म्हणून. हे एकदा झालंय.

काही स्टार्टअपना हा कर पुढे ढकलायची सवलत असते. पण ती आयकर कायद्याखालचं वेगळं प्रमाणपत्र असलेल्यांनाच, नुसत्या स्टार्टअप मान्यतेवर नाही. कंपनीकडे ते आहे का हा प्रश्न एचआरला विचारायचा. आणि सवलत असली तरी नोकरी सोडली की तीही संपते, कर तेव्हाच भरावा लागतो. म्हणून ही ओळ मी किमतीच्या रकान्यात न ठेवता पुढच्या रकान्यात ठेवते.

नोकरी सोडताना: इथे बसून वाचायचं

वेस्टिंग आणि किंमत पत्रात मिळते. सोडतानाच्या अटी स्कीममध्ये चार ठिकाणी विखुरलेल्या असतात, आणि चुका बहुतेक इथेच होतात. मी आधी कागदावर माणूस कंपनीतून बाहेर कसा पडू शकतो ते लिहून घेते: स्वतः राजीनामा, कंपनीने काढणं, गैरवर्तनासाठी काढणं, मृत्यू, कायमचं अपंगत्व, निवृत्ती. मग प्रत्येकासाठी दोनच प्रश्न. पक्के न झालेल्यांचं काय? पक्के झालेल्यांचं काय आणि किती दिवसांत?

मृत्यू आणि कायमचं अपंगत्व सोपं आहे, कारण ते कायद्यानेच ठरवलंय. दिलेले सगळे ऑप्शन त्या दिवशी पक्के होतात, क्लिफ पूर्ण झालेला नसला तरी. मृत्यू झाल्यास ते वारसांना किंवा नॉमिनीला जातात. स्कीममध्ये फक्त त्यांना किती मुदत आहे ते बघायचं, इथे १२ महिने. नॉमिनेशन लगेच भरा म्हणाले ते यासाठी. आमच्या भावाने ते ऐकून तोंड वाकडं केलं, सणाच्या दिवशी हे काय काढलंस म्हणून. पण फॉर्मवर आईचं नाव घातलं गेलं.

गैरवर्तनासाठी काढलं तर बहुतेक स्कीममध्ये पक्के झालेलेही ऑप्शन जातात. तिथे 'कॉज' या शब्दाची व्याख्या उघडून वाचायची. चोरी, फसवणूक हे अपेक्षितच. भाच्याच्या स्कीममध्ये त्या यादीच्या शेवटी 'गोपनीयतेच्या कराराचा भंग' होता. म्हणजे नोकरी सोडून गेल्यावरही मुदतीच्या आत तसं काही सिद्ध झालं तर हक्क जाऊ शकतो. यादी मोठी असेल तर सगळी सारात घालू नये. न सुचणारं एखादं कारण तेवढं घालावं आणि कलमाचा क्रमांक द्यावा.

उरला राजीनामा. जवळजवळ प्रत्येकजण याच दाराने बाहेर पडतो, म्हणून इथे उदाहरण तारखांसकट सोडवायचं.

राजीनामा दिला की पक्के न झालेले बुडतात, हे नियमांतच आहे. पक्के झालेले मुदतीत घ्यायचे, मुदत स्कीम ठरवते. भाच्याने एचआरला फोन करून विचारलं, तेव्हा उत्तर आलं: 'लास्ट वर्किंग डेपर्यंतचं वेस्टिंग मिळतं आणि पुढे ९० दिवस.' बोलणाऱ्याने प्रामाणिकपणेच सांगितलं असेल. पण स्कीमचं कलम ९ म्हणत होतं 'सेवा-समाप्तीच्या तारखेला पक्के नसलेले ऑप्शन रद्द', आणि सेवा-समाप्तीची तारीख म्हणजे काय ते तिथे नव्हतं. ते होतं तिसऱ्या पानावर, व्याख्यांमध्ये: राजीनाम्याच्या बाबतीत, वेस्टिंगपुरती, राजीनामा सादर केल्याची तारीख. नव्वद दिवस मात्र लास्ट वर्किंग डेपासून. दोन घड्याळं, दोन वेगळ्या सुरुवाती.

याने काय फरक पडतो ते बघा. समजा भाच्याने १० नोव्हेंबर २०२७ ला राजीनामा दिला आणि नोटीस पिरियड ६० दिवसांचा. शेवटचा दिवस ९ जानेवारी २०२८. मध्ये १ डिसेंबरचा १५६ चा हप्ता येतो. फोनवरच्या उत्तराप्रमाणे त्याचे पक्के १,४०५. स्कीमप्रमाणे वेस्टिंग १० नोव्हेंबरलाच थांबलं, म्हणून १,२४९. बावीस दिवस थांबून २ डिसेंबरला राजीनामा दिला असता तर ते १५६ पदरात पडले असते.

पुढचं घड्याळ ९ जानेवारीला सुरू होतं. ९० दिवस म्हणजे ८ एप्रिल २०२८. तीन महिने असते तर ९ एप्रिल. एका दिवसाचा फरक, पण शेवटच्या दिवशी पैसे भरायला बसणारे लोक मी पाहिलेत. २०२८ लीप वर्ष आहे, हे मोजताना विसरलं जातं. या ९० दिवसांत त्याला ₹४० प्रमाणे ₹४९,९६० भरावे लागतील. त्याशिवाय तेच ₹३०० धरले तर लाभ ₹३,२४,७४० आणि वरच्याच दराने कर ₹६७,५४६. मिळून ₹१,१७,५०६. आता तो कंपनीत नसल्याने कर पगारातून कापायला पगारच नाही. कंपनी करासकट रक्कम आधी मागते, मग शेअर देते. एवढे पैसे हाताशी नाहीत म्हणून चार वर्षांचे ऑप्शन सोडून दिलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना ९० दिवस ठाऊक होते, रक्कम ठाऊक नव्हती. म्हणून सारात दिवसांच्या शेजारी रकमेचा अंदाज द्यायचाच.

काही स्कीममध्ये गोष्ट वेगळी असते. कंपनी विकली गेली किंवा बाजारात आली तरच ऑप्शन वापरता येतात, तोवर पक्के झालेले नुसते पडून राहतात, नोकरी सोडली तरी. तेव्हा सारात 'घाई नाही, पण पैसाही नाही' अशा अर्थाचं वाक्य लिहायला लागतं आणि ती वाट बघायची कमाल वर्षं किती तेही.

शेवटी एक कलम असतं ते शेअर घेतल्यानंतरचं. बाहेर पडणाऱ्याचे शेअर परत विकत घ्यायचा कंपनीचा हक्क आहे का, आणि कोणत्या भावाने? भाच्याच्या स्कीममध्ये होता, रास्त किमतीने, आणि गैरवर्तनाच्या बाबतीत त्याने दिलेल्या किमतीने. एका ओळीत लिहायचं.

पान कसं दिसतं

प्रत्येक ओळीच्या शेवटी कुठून घेतलं ते लिहायचं. 'पत्र, कलम ३' किंवा 'स्कीम, ९.१'. हे नसेल तर सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही की हे वाक्य कागदावरचं की आपल्या डोक्यातलं. जे कुठेच सापडत नाही ते अंदाजाने भरायचं नाही. तिथे 'कागदांत नाही, एचआरला विचारलंय' असं लिहायचं. भाच्याला मी दिलेलं पान हे:

> स्वीकृती: १ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सही. नॉमिनेशन सोबत. (पत्र, ७)
>
> ग्रँट: १ सप्टेंबर २०२५, २,५०० ऑप्शन. हे शेअर नव्हेत. मत आणि डिव्हिडंड शेअर घेतल्यावरच. (पत्र, १, स्कीम, ६)
>
> वेस्टिंग: १ सप्टेंबर २०२६ ला ६२५. पुढे दर तीन महिन्यांनी १५६, शेवटचा हप्ता १५९, १ सप्टेंबर २०२९. ३० दिवसांपेक्षा लांब बिनपगारी रजेत थांबतं. (पत्र, ३, स्कीम, ७.४)
>
> किंमत: ₹४० प्रति शेअर, दर्शनी किंमत ₹१०. सगळे घेतल्यास ₹१,००,०००, कर वेगळा. ग्रँटवेळची रास्त किंमत ₹२२०, ही तुम्हाला मिळणारी रक्कम नव्हे. (पत्र, २)
>
> राजीनामा: वेस्टिंग राजीनामा दिल्याच्या दिवशी थांबतं. पक्के झालेले शेवटच्या दिवसापासून ९० दिवसांत, कर आधी भरून. (स्कीम, २ आणि ९.१)
>
> गैरवर्तन: पक्केही जातात. गोपनीयतेचा भंग यात येतो. (स्कीम, २ आणि ९.३)
>
> मृत्यू, कायमचं अपंगत्व: सगळे पक्के, १२ महिन्यांची मुदत. (स्कीम, ९.४)
>
> शेअर घेतल्यावर: सोडताना कंपनी रास्त किमतीने परत घेऊ शकते. (स्कीम, ११)
>
> विचारलंय: कंपनीने कपातीत काढलं तर ९० दिवसच का? कर ढकलायची सवलत आहे का? फोनवर राजीनाम्याबद्दल सांगितलं ते व्याख्येशी जुळत नाही, कोणतं खरं?

शेवटच्या चौकटीतले प्रश्न फोनवर नाही, मेलवर विचारायचे. कलमाचा क्रमांक देऊन, सौम्यपणे. मी भाच्याला लिहून दिलं ते एवढंच: 'स्कीमच्या कलम २ मधल्या व्याख्येनुसार राजीनामा सादर केल्यावर वेस्टिंग थांबतं असं मी समजतोय. फोनवर लास्ट वर्किंग डे सांगितला होता. कृपया लेखी कळवाल का?' उत्तर सोईचं आलं तरी ते स्कीमच्या वर जात नाही. समितीला सवलत द्यायचा अधिकार कुठल्या कलमात आहे ते त्या उत्तरात असायला हवं.

भाच्याने पान घडी करून पाकिटात ठेवलं आणि रात्रीच्या एसटीने पुण्याला गेला. एचआरचं उत्तर अनंत चतुर्दशीनंतर आलं. व्याख्या बरोबर, फोनवरचं चूक. कपातीत काढलं तर ९० ऐवजी १८० दिवस, स्कीमच्या दुरुस्तीत आहे, आणि ती दुरुस्तीची दोन पानं सोबत जोडली होती. ती आम्हाला आधी कोणी दिलीच नव्हती. करसवलतीचं प्रमाणपत्र नाही. पान पुन्हा छापलं, वर तारीख घातली आणि जुनं फाडायला सांगितलं.